तीन बारकाव्यांत एक गाव: जळगाव-धुळ्यावर प्रवासाच्या शॉर्टची स्क्रिप्ट लिहून बघू



शॉर्ट्सच्या व्हिडिओखाली खानदेशातल्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो. कोणी गाडी चालवतं, कोणाचं लॉज आहे, कोणी हायवेवर हॉटेल टाकलंय, कोणाला शेतावर पर्यटन सुरू करायचंय. सगळे विचारतात, "सर, आमच्या गावात दाखवण्यासारखं आहे तरी काय? ना समुद्र, ना हिल स्टेशन."

आज याचंच उत्तर बघू, आणि एक पूर्ण स्क्रिप्ट लिहून बघू. पद्धत सोपी आहे. अख्खं गाव दाखवायचं नाही, गावातले तीन छोटे बारकावे दाखवायचे. पण ते असे, की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, "अरे, हे माहीत नव्हतं."

आधी तुमचा प्रेक्षक कोण ते ठरवा

समजा, तुम्ही जळगाव स्टेशनजवळ गाडी चालवता. तुमचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे अजिंठ्याला जाणारा पर्यटक. लेण्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत, पण रेल्वेने येणाऱ्याला जळगाव सोयीचं पडतं. इथून लेण्या साधारण ६० किलोमीटर. माणूस गाडीतून उतरतो, टॅक्सी करतो, लेण्या बघतो, परत स्टेशनवर येतो आणि निघून जातो. त्याच्यासाठी जळगाव म्हणजे फक्त प्लॅटफॉर्म. गावात तो एक जेवणसुद्धा घेत नाही.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. अजिंठा लेण्या दर सोमवारी बंद असतात. हे माहीत नसलेला पर्यटक रविवारी रात्री किंवा सोमवारी सकाळी जळगावला उतरला, की त्याच्या हातात एक आख्खा रिकामा दिवस येतो. तो चिडलेला असतो, मोबाईल काढून "जळगावमध्ये काय बघायचं" शोधत असतो. तुमचा शॉर्ट या माणसासाठी आहे.

प्रेक्षक एवढा नेमका ठरला, की निम्मी स्क्रिप्ट आपोआप ठरते. जळगावच्याच माणसासाठी व्हिडिओ करायचा असता, तर केळीची बाग दाखवून उपयोग नव्हता, तो रोज बघतो. पण पुण्याहून, नागपूरहून, दिल्लीहून आलेल्याने केळं फक्त हातगाडीवर पाहिलेलं असतं. बारकावा चकित करतो की नाही, हे बघणारा कोण यावर ठरतं.

माहिती वेगळी, बारकावा वेगळा

नवीन माणूस स्क्रिप्ट लिहायला बसला, की पहिलं वाक्य असं येतं: "जळगाव हा केळी उत्पादनात अग्रेसर जिल्हा असून सोन्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे." वाक्य बरोबर आहे, पण या वाक्यावर कॅमेरा कुठे लावायचा? "अग्रेसर" कसं दाखवणार? "प्रसिद्ध" कसं दाखवणार? मग लोक वरून बागेचा एक लांबचा शॉट टाकतात, खाली संगीत लावतात, आणि बघणारा अंगठ्याने पुढे सरकवतो.

बारकाव्याला तीन प्रश्न विचारा.

पहिला, हे एका शॉटमध्ये डोळ्यांना दिसतं किंवा कानांना ऐकू येतं का? दुसरा, बाहेरच्या माणसाच्या डोक्यात आधीपासून जे आहे, त्यापेक्षा हे उलटं निघतं का? तिसरा, तो माणूस उद्या आला, तर त्याला हे खरंच बघायला मिळेल का?

तिन्हींचं उत्तर "हो" असेल तरच तो बारकावा घ्यायचा. दोनच "हो" असतील तर तो वहीत लिहून ठेवा, वेगळ्या व्हिडिओला कामाला येईल.

आता जळगावचे तीन बारकावे या तीन प्रश्नांमधून काढून बघू.

पहिला बारकावा: केळीच्या जिल्ह्यात पिवळं केळं दिसत नाही

तापी ओलांडून यावल-रावेरच्या पट्ट्यात गेलात, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात. बाहेरच्या माणसाच्या डोक्यात चित्र असतं पिवळ्या केळ्यांचं. पण कापणीला आलेल्या बागेत उभं राहून वर बघितलं, तर सगळे घड हिरवेगार. जे घड कापून ट्रकमध्ये चढवतात, तेही हिरवे.

याचं कारण व्यापारात आहे. पिकलेलं केळं लांबचा प्रवास सहन करत नाही. दबतं, काळं पडतं, घडापासून सुटतं. म्हणून घड पुरेसा भरला, की तो हिरवा असतानाच कापतात, फण्या करून किंवा घडच्या घड गाडीत भरतात आणि माल उत्तरेकडच्या बाजारांत जातो. केळं पिवळं होतं ते तिथे पोहोचल्यावर, व्यापाऱ्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये, इथिलीन वायू आणि ठरावीक तापमान वापरून.

तिन्ही प्रश्न लावून बघा. एका शॉटमध्ये दिसतं? हो, फक्त कॅमेरा वर करायचा. अपेक्षेपेक्षा उलटं? हो. उद्या मिळेल? बाग तर मिळेल, कापणी चालू असलेली बाग मिळेलच असं नाही. इथे मृगबाग आणि कांदेबाग अशा वेगवेगळ्या हंगामांत लागवड होते, त्यामुळे कापणीही वेगवेगळ्या महिन्यांत येते. म्हणून व्हिडिओत "कापणी दाखवू" असं वचन द्यायचं नाही, "बाग दाखवू" एवढंच म्हणायचं. आणि ज्या शेतकऱ्याच्या बागेत पाहुणे नेणार, त्याच्याशी आधी बोलून ठेवायचं. बागेत ठिबकच्या नळ्या पसरलेल्या असतात, दहा माणसं त्या तुडवत गेली तर नुकसान त्याचं होतं.

दुसरा बारकावा: भरताचं वांगं जांभळं नसतं, आणि जाळ कपाशीचा असतो

भरीत म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला गॅसवर भाजलेलं जांभळं वांगं आठवतं. जळगावचं भरताचं वांगं मोठं, फिकट हिरवं, पांढरट झाक असलेलं असतं. त्यात बिया कमी असतात. या वांग्याला "जळगाव भरीत वांगी" या नावाने २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय.

पण मानांकन कॅमेऱ्यात दिसत नाही. दिसतो तो जाळ. कापूस वेचून झाला, की शेतात कपाशीची वाळलेली झाडं उरतात, त्याच पऱ्हाट्या. त्यांच्या जाळावर वांगी भाजतात. जाळ भडकतो, वांग्याची साल काळी होते, आत गर शिजतो आणि धुराचा वास धरतो. मग साल काढून तो गर लाकडाच्या बडगीत ठेचायचा. बडगी म्हणजे लाकडात कोरलेलं लांबट भांडं. त्यात हिरवी मिरची, लसूण, वरून कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी.

इथला खरा बारकावा आहे ठेचण्याचा आवाज, ठक ठक ठक. तो आवाज व्हिडिओत तीन सेकंद तसाच ठेवा. त्या तीन सेकंदांत बोलू नका आणि संगीतही लावू नका. आवाज स्पष्ट यावा म्हणून मोबाईल बडगीपासून हातभर अंतरावर धरा आणि जवळचा पंखा किंवा मिक्सर बंद करायला सांगा.

तिसरा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे. पऱ्हाट्यांवर भाजलेलं भरीत ही हिवाळ्याची गोष्ट. थंडीत शेताशेतात भरीत पार्ट्या चालतात. हाच शॉर्ट तुम्ही मे महिन्यात टाकलात आणि माणूस ४३-४४ अंशांच्या उन्हात येऊन "चुलीवरचं भरीत कुठाय?" विचारू लागला, तर नाराजी तुमच्या वाट्याला येणार. म्हणून भरताचा शॉर्ट नोव्हेंबर ते फेब्रुवारीत टाका. उन्हाळ्यासाठी हाच सांगाडा ठेवून दुसरा बारकावा बदला.

तिसरा बारकावा: विद्यापीठाला नाव लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचं

जळगावचं विद्यापीठ १९९० साली सुरू झालं. २०१८ मध्ये त्याचं नाव कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असं झालं. बहिणाबाईंचा जन्म जळगावजवळच्या असोद्याचा, १८८० चा. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर दळताना, शेतात काम करताना गाणी सुचायची. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती लिहून घेतली. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचं पुस्तक १९५२ मध्ये छापून आलं. ते त्यांनी हातात धरलं नाही.

मराठी माणसाला बहिणाबाई माहीत असतात. पण विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावरचं नाव आणि त्या बाईचं न शिकणं, या दोन गोष्टी एका चौकटीत त्याने क्वचितच पाहिलेल्या असतात. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला तर हे पूर्ण नवीन. आणि शॉट अगदी सोपा आहे: पाटी, आणि पाटीखालून पुस्तकं घेऊन आत जाणारे विद्यार्थी. विद्यार्थ्यांचे चेहरे जवळून घेऊ नका, पाठमोरे घ्या. आत शूटिंग करायचं असेल तर विद्यापीठाची परवानगी घ्या. प्रवेशद्वार बाहेरूनच पुरतं.

तिघांना बांधणारा धागा

तीन बारकावे सुटे ठेवले तर ती यादी होते. यादीत माणूस दुसऱ्यावरच सरकवतो, कारण पुढे काय आहे याची ओढ नसते. म्हणून तिघांमध्ये एक धागा शोधायचा. मोठा विचार नको, एका वाक्यात बसेल असा.

आपल्या तिघांत बघा. केळं पिवळं होण्याआधी इथे हिरवं दिसतं. कापडाच्या दुकानात आपण कापूस बघतो, त्याचं झाड इथे चुलीत दिसतं. शाळेच्या पुस्तकात आपण कविता वाचतो, ती कागदावर येण्याआधी इथल्या जात्यावर होती. म्हणजे धागा असा: जे तुम्ही तयार बघता, ते इथे तयार होण्याआधी दिसतं. हे वाक्य स्क्रिप्टमध्ये बोलून दाखवायची गरज नाही. ते तुमच्या वहीत असू द्या. त्याचा उपयोग एवढाच, की चौथा बारकावा मोहात पाडायला लागला तर तो या धाग्यात बसतो का, हे तपासता येतं. सराफ बाजार छान आहे, पण तिथे दागिने तयारच दिसतात. या धाग्यात तो बसत नाही, म्हणून या व्हिडिओत नाही.

क्रमही विचार करून लावलाय. पहिला बारकावा डोळ्यांनी पटकन पटणारा, कारण सुरुवातीला बघणारा अजून थांबलेला नसतो. दुसरा आवाजाचा, कारण मध्ये लक्ष ढळतं आणि आवाज ते परत आणतो. तिसरा विचार करायला लावणारा, कारण तोपर्यंत माणूस तुमच्यासोबत असतो. बहिणाबाई पहिल्या ठेवल्या असत्या, तर समजून घ्यायला वेळ लागला असता आणि तेवढ्यात तो निघून गेला असता.

आता पूर्ण स्क्रिप्ट

यूट्यूबवर शॉर्ट आता तीन मिनिटांपर्यंत चालतो, पण आपण पन्नासेक सेकंदांतच बसवू. मराठीत स्पष्ट, न धावता बोललं तर सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. मध्ये आवाजासाठी जागा सोडायची, म्हणून ९० शब्द धरू.

०० ते ०६ सेकंद. दिसतं: स्टेशनबाहेर बॅग घेऊन उभा माणूस, मागे रिक्षा.
बोलायचं: "सोमवारी जळगावला उतरलात? अजिंठा आज बंद आहे. चला, तीन गोष्टी बघू."

०६ ते १९ सेकंद. दिसतं: बागेत चालणारे पाय, मग कॅमेरा वर, हिरवा घड.
बोलायचं: "ही केळीची बाग. यात एक पिवळं केळं शोधा. नाही सापडणार. घड हिरवाच कापतात, कारण पिकलेलं केळं दिल्लीपर्यंत टिकत नाही. पिवळं होतं ते पुढे, तुमच्या शहरात."

१९ ते ३३ सेकंद. दिसतं: हातात फिकट हिरवं वांगं, मग जाळ, मग बडगी.
बोलायचं: "हे वांगं जांभळं नाही, पांढरट हिरवं. आणि हा जाळ कपाशीच्या काड्यांचा. कापूस गिरणीत गेला, काड्या चुलीत आल्या. मग लाकडी बडगीत ठेचायचं. मिक्सर नाही."
(इथे तीन सेकंद फक्त ठेचण्याचा आवाज.)

३३ ते ४६ सेकंद. दिसतं: प्रवेशद्वारावरची पाटी, पाठमोरे विद्यार्थी.
बोलायचं: "हे विद्यापीठाचं प्रवेशद्वार. नाव वाचा, बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात गाणी सुचायची, घरच्यांनी ती कागदावर उतरवली. आज पदवीच्या कागदावर त्यांचं नाव आहे."

४६ ते ५२ सेकंद. दिसतं: संध्याकाळचा रस्ता, तुमची गाडी. खाली एक ओळ: "सोमवार, अर्धा दिवस, जळगाव", आणि तुमचा नंबर.
बोलायचं: "केळी, भरीत, गाणी. मंगळवारी अजिंठा. सोमवार जळगावचा."

बघा, यात "प्रसिद्ध", "निसर्गरम्य", "नक्की भेट द्या" हे शब्द कुठेच आले नाहीत. शेवटी मागणीही एकच केलीय: अर्ध्या दिवसाची गाडी. सबस्क्राईब करा, लाईक करा, शेअर करा, इंस्टाला फॉलो करा, गाडी बुक करा, असं पाच गोष्टींचं मागणं मांडलं की माणूस एकही करत नाही.

स्टेशनचा शॉट बाहेरून घेतलाय, तेही मुद्दाम. धंद्यासाठी स्टेशनच्या आत शूटिंग करायचं तर रेल्वेची परवानगी लागते. सहा सेकंदांसाठी तो खटाटोप कशाला?

धुळ्याला हीच पद्धत लावली तर कुठे अडतं

जळगावात तिन्ही बारकावे कॅमेऱ्यात येतात. प्रत्येक गावात असं होत नाही. धुळं घ्या. तुमचं हॉटेल धुळ्याजवळ हायवेवर आहे असं समजा. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. लाखो माणसं जातात, चहा पितात, पुढे निघतात. त्यांना शहरात वळवायचंय.

धुळ्याचा एक जबरदस्त बारकावा आहे. विनोबा भाव्यांचं "गीता प्रवचने" हे पुस्तक धुळ्याच्या तुरुंगात बोललं गेलं. २१ फेब्रुवारी १९३२ ते १९ जून १९३२, दर रविवारी एक प्रवचन, अठरा रविवारी अठरा अध्याय. लिहून घेणारे सोबतचे कैदी होते साने गुरुजी. जगभर वाचलं गेलेलं पुस्तक, आणि ते सांगणारा आणि लिहिणारा दोघेही कैदी.

चकित करतं? नक्कीच. पण पहिला प्रश्न विचारा: दिसतं का? तुरुंग आजही तुरुंगच आहे. तिथे मोबाईल काढून शूटिंग करता येत नाही, करूही नका. मग लोक काय करतात? इंटरनेटवरून कुठल्यातरी तुरुंगाच्या गजांचा फोटो उचलतात आणि वर दुःखी संगीत लावतात. बघणाऱ्याला खोटेपणा लगेच कळतो.

उपाय असा: ठिकाण दाखवता येत नसेल तर त्या बारकाव्याची एखादी वस्तू दाखवा. "गीता प्रवचने" पुस्तक सहज मिळतं. ते टेबलावर ठेवा, शेजारी १९३२ च्या फेब्रुवारी ते जूनचं हाताने काढलेलं कॅलेंडर ठेवा आणि एकेका रविवारवर लाल पेनाने गोल करत जा. अठरा गोल. तेवढ्यात आवाज बोलतो: "धुळ्याच्या तुरुंगात अठरा रविवार एक कैदी बोलत होता, दुसरा लिहून घेत होता." पेनाचा गोल ही हालचाल आहे, माणूस शेवटचा गोल पूर्ण होईपर्यंत थांबतो. दहा सेकंदांत काम झालं, परवानगीचा प्रश्नच आला नाही.

दुसरा बारकावा पांझरेच्या पाण्याचा. साक्री तालुक्यात पांझरा नदीवर जुनी फड पद्धत होती. नदीवर छोटा बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन फडांमध्ये वाटलेली. एका फडात शेतं अनेक मालकांची, पण पीक सगळ्यांचं एकच. मालकांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत विभागलेल्या, त्यामुळे पाणी कमी पडलं तर एखादा फड सगळ्यांनी मिळून कोरडा ठेवायचा, तोटा एकट्याचा होत नाही. पाणी वाटायला गावाने नेमलेला पाटकरी असायचा. ही व्यवस्था शेकडो वर्षांची आहे.

इथे अडचण वेगळी आहे. ती आहे "आहे" आणि "होती" या शब्दांची. बऱ्याच ठिकाणी बंधारे नादुरुस्त झाले, विहिरी आणि पंप आले, पद्धत मोडली. पुस्तकात वाचून तुम्ही "आजही चालते" म्हणालात आणि गावच्याच माणसाने खाली कमेंट टाकली, "आमचा पाट कधीच कोरडा पडला", तर तुमचे बाकीचे दोन बारकावेही कोणी खरे मानत नाही. म्हणून आधी गावात जा. पाटात पाणी दिसलं, बांधाच्या दोन्ही बाजूंना दोन मालकांचं एकच पीक दिसलं, तर "आहे" म्हणा. नुसता दगडी बंधारा उरला असेल तर "होती" म्हणा आणि बंधारा दाखवा. "होती" म्हणूनही व्हिडिओ चालतो, खोटं "आहे" मात्र महागात पडतं.

याच कारणाने "आशियातलं सर्वात मोठं", "भारतातलं एकमेव" असली वाक्यं टाळा. ती तपासता येत नाहीत, आणि बघणाऱ्याला ती आता इतकी सवयीची झालीत की कोणी चकितही होत नाही. "यात एक पिवळं केळं शोधा" हे वाक्य मात्र कोणीही जाऊन तपासू शकतो. तपासता येणारं वाक्यच लोक दुसऱ्याला सांगतात.

टाकल्यानंतर काय बघायचं

व्हिडिओ टाकून दोन-तीन दिवस झाले की यूट्यूब स्टुडिओत जा. तिथे दोन गोष्टी दिसतात: किती जणांनी बघितला आणि किती जणांनी सरकवला, आणि कुठल्या सेकंदाला लोक गळले याचा आलेख.

पहिल्या दोन-तीन सेकंदांतच रेषा पडली असेल, तर दोष सुरुवातीच्या वाक्यात आहे. "नमस्कार, मी आज तुम्हाला" असं काही बोललात का ते बघा. रेषा १९ व्या सेकंदाच्या जरा आधी पडत असेल, तर केळीचं कारण सांगायला तुम्ही जास्त वेळ घेतला. इथिलीन, तापमान, चेंबर हे सगळं तोंडात आलं असणार. ते तुम्हाला माहीत असावं, पण व्हिडिओत नको. प्रवासात पाहुण्याने विचारलं, तर तेव्हा सांगा. भरताच्या ठक ठक आवाजावर रेषा थोडी वर गेली, तर समजा लोक मागे जाऊन परत ऐकतायत. पुढचा व्हिडिओ त्या आवाजाने सुरू करा.

कमेंटही वाचा. "हे कुठे आहे?" असे चार प्रश्न आले, तर ठिकाणाचं नाव स्क्रीनवर लिहिलेलं नाही. "आमच्याकडे पण असंच भरीत करतात" अशा कमेंट आल्या, तर चांगलंच, पण लक्षात ठेवा की तो तुमचा पर्यटक नाही, तो गाववाला आहे. तुमचं गिऱ्हाईक विचारतं, "सोमवारी किती वाजता निघायचं?" असा एक प्रश्न आला, तर शंभर लाईकपेक्षा तो मोठा धरा आणि त्याच तासात उत्तर द्या.

या आठवड्याचा गृहपाठ

धुळ्याचे दोन बारकावे मी दिले, तिसरा मुद्दाम सोडलाय. दिशा सांगतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे डिसेंबर १९२६ मध्ये धुळ्यातच वारले, आणि १९२७ पासून त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ या शहरात आहे. तिथे जा, संग्रह बघायची रीतसर परवानगी मागा, आणि जुन्या कागदांमध्ये अशी एक वस्तू शोधा जी एका शॉटमध्ये दिसते आणि हायवेवरच्या माणसाला गाडी वळवायला लावते. शोधताना आपले तीन प्रश्न सोबत ठेवा.

धुळ्याचे नसाल तर आपल्या गावाचे तीन बारकावे लिहा. प्रत्येकाखाली एकच ओळ: कॅमेरा कुठे लावणार. ती ओळ लिहिता आली नाही, तर तो बारकावा अजून सापडलेला नाही, परत गावात एक चक्कर मारा. तीनही ओळी कमेंटमध्ये टाका. त्यातल्या काही स्क्रिप्ट आपण पुढच्या भागात ओळीओळीने तपासू.